योजनेची सूचना गावाला समजेल अशी कशी लिहावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून दरवर्षी शिलाई मशीन, पिठाची गिरणी अशा वैयक्तिक लाभाच्या योजना येतात. त्यांचे पत्र ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरतो आणि मग तेच तीन प्रश्न सुरू होतात: मी बसते का, कागद कोणते, कधीपर्यंत? ग्रामपंचायत कर्मचारी, सेवा केंद्र चालवणारे, अंगणवाडी सेविका आणि बचत गटांच्या सचिव यांच्याकडून असे पत्र सोपे करण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे, महिलांसाठी पिठाच्या गिरणीचे. त्यातले पत्र आणि अटी नमुन्याच्या आहेत. तुमच्या जिल्ह्याच्या अटी तुमच्या पत्रातूनच घ्या.

1. सूचना पुन्हा लिहायची म्हणजे नेमके काय करायचे? सारांश काढायचा का?

सारांश नको. सारांशात पहिल्यांदा अटीच गळतात. पत्रातली प्रत्येक अट, प्रत्येक कागद आणि प्रत्येक तारीख नव्या सूचनेत आली पाहिजे. फक्त क्रम आणि वाक्ये बदलायची. पत्र संदर्भ, विषय, शासन निर्णयाचा क्रमांक असे सुरू होते, कारण ते एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाला लिहिलेले असते. गावातल्या बाईला आधी कळायला हवे की हे तिच्यासाठी आहे की नाही. म्हणून आधी कोणाला मिळेल, मग काय आणायचे, मग कुठे आणि कधीपर्यंत द्यायचे. पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक तळाला एका ओळीत ठेवा, म्हणजे कोणाला मूळ पत्र पाहायचे असेल तर शोधता येते.

हे उदाहरणातले मूळ वाक्य:

> "उपरोक्त विषयान्वये जि.प. सेस योजनेअंतर्गत सन 2025-26 करिता ग्रामीण भागातील महिलांना पिठाची गिरणी पुरविणे या योजनेसाठी ज्यांचे कौटुंबिक वार्षिक उत्पन्न रु. 1,20,000/- च्या मर्यादेत आहे अशा किंवा दारिद्र्यरेषेखालील, 18 ते 45 वयोगटातील, यापूर्वी सदर योजनेचा लाभ न घेतलेल्या महिलांचे, सक्षम प्राधिकाऱ्याच्या दाखल्यांसह व 8-अ उताऱ्यासह परिपूर्ण प्रस्ताव आपल्या स्तरावरून छाननी करून दि. 31/08/2025 अखेर या कार्यालयास सादर करावेत."

वाक्य एकच, पण त्यात चार अटी, निदान तीन कागद आणि एक तारीख आहे. ती तारीख गावासाठी नाहीच.

2. पत्रात 31 ऑगस्ट लिहिले आहे, मग गावात 31 ऑगस्टच सांगायची ना?

नाही. सगळ्यात जास्त अर्ज याच चुकीने बाद होतात. पत्र कोणाला लिहिले आहे ते वर पाहा. "प्रति, गटविकास अधिकारी" असेल आणि खाली "आपल्या स्तरावरून छाननी करून या कार्यालयास सादर करावेत" असेल, तर ती मुदत पंचायत समितीने जिल्हा परिषदेला यादी पोचवण्याची आहे. बाईचा अर्ज त्याआधी ग्रामपंचायतीत यायला हवा, तिथून पंचायत समितीत जायला हवा आणि तिथे छाननीही व्हायला हवी. "प्रस्ताव" हा शब्दही हेच सांगतो: बाई अर्ज देते, प्रस्ताव कार्यालय पाठवते. जिथे "प्रस्ताव" दिसेल तिथे थांबा आणि कोणाची मुदत आहे ते विचारा.

आता मागे मोजत या. 31 ऑगस्ट 2025 ला रविवार होता. शनिवार 30 ला कार्यालय बंद, कारण राज्य शासकीय कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. बुधवार 27 ला गणेश चतुर्थी. म्हणजे जिल्हा परिषदेत कागद पोचवायचा खरा शेवटचा दिवस शुक्रवार 29. पंचायत समितीला छाननीसाठी दोन-तीन दिवस धरले आणि मधली सुट्टी वजा केली, तर गावाची मुदत सोमवार 25 ऑगस्टच्या पुढे जाऊ शकत नाही. पण हा हिशेब तुमचा आहे, कार्यालयाचा नाही. म्हणून 25 तारीख फलकावर लावण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून किंवा पंचायत समितीच्या संबंधित टेबलावरून पक्की करून घ्या.

3. शेवटची तारीख लिहायची कशी?

वार, तारीख, वेळ आणि ठिकाण एकाच वाक्यात लिहा: "अर्ज सोमवार, 25 ऑगस्ट 2025 रोजी सायंकाळी 5 वाजेपर्यंत ग्रामपंचायत कार्यालयात द्यावा." वार लिहिला की चूक लगेच सापडते, "31 ऑगस्ट" लिहिताना जे दिसत नाही ते "रविवार, 31 ऑगस्ट" लिहिताना दिसते. त्याच दिवशी आपल्याकडे घरोघर महालक्ष्म्या येणार होत्या, हेही मग आठवते.

"अखेर", "मुदतीत", "विहित कालावधीत", "कार्यालयीन वेळेत" हे शब्द काढून टाका. "31 अखेर" वाचून कोणी म्हणते 31 धरून, कोणी म्हणते 30 पर्यंत. "15 दिवसांच्या आत" हेही नको, कारण पत्राच्या तारखेपासून की फलकावर लागल्यापासून, यावर भांडण होते. आणि 05/08 असे आकड्यात लिहू नका, महिना अक्षरात लिहा.

याच वाक्याखाली आणखी एक तारीख हवी, जी मूळ पत्रात कधीच नसते: दाखल्यासाठी अर्ज टाकायची तारीख. ती प्रश्न 6 मध्ये आहे.

4. पात्रतेचे लांब वाक्य कसे तोडायचे? "किंवा" आणि "व" मध्ये गोंधळ होतो.

आधी पेन्सिलीने प्रत्येक अटीभोवती कंस घाला आणि कंसांमधला जोडशब्द पाहा. वरच्या वाक्यात "किंवा" फक्त उत्पन्न आणि दारिद्र्यरेषा यांच्यात आहे. वय आणि आधी लाभ न घेणे या अटी दोघींनाही लागू आहेत. म्हणजे दारिद्र्यरेषेखालील 50 वर्षांच्या बाईला गिरणी मिळणार नाही. लांब वाक्यात हे लपते आणि ती बाई दाखल्यांवर पैसे घालवून बसते.

प्रत्येक अट "हो" किंवा "नाही" असे उत्तर देता येईल अशी लिहा. "ग्रामीण भागातील महिला" याऐवजी "तुम्ही आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहता". "च्या मर्यादेत" याऐवजी "1,20,000 रुपये किंवा त्यापेक्षा कमी". सूचना लिहिणारे बहुतेक जण इथे "1,20,000 च्या आत" लिहितात, आणि बरोबर 1,20,000 चा दाखला असलेली बाई घरी बसते. तहसीलचे दाखले गोल आकड्यांचेच असतात, त्यामुळे ही काही किरकोळ शंका नाही.

"कौटुंबिक" हा शब्दही उघडा. उत्पन्न बाईचे एकटीचे नाही, घराचे धरायचे आहे. पण "कुटुंब" म्हणजे नवरा-बायको-मुले की सासू-सासऱ्यांसह, हे तुम्ही ठरवू नका (प्रश्न 12).

5. "दारिद्र्यरेषेखालील" म्हणजे पिवळे रेशनकार्ड ना?

लोक तसेच समजतात आणि पिवळ्या कार्डाची झेरॉक्स जोडून मोकळे होतात. पण पत्रात "दारिद्र्यरेषेखालील" असेल तर कार्यालय बहुतेक वेळा 2002 च्या सर्वेक्षणाच्या यादीतले नाव मागते, आणि तो दाखला यादीतल्या अनुक्रमांकासह ग्रामपंचायतीतून मिळतो. पिवळे कार्ड पुरवठा विभागाचे असते, ती वेगळी गोष्ट. कार्यालयाला नेमके काय चालते ते विचारून सूचनेत त्याच कागदाचे नाव लिहा: "बीपीएल यादीतील क्रमांकाचा दाखला. नुसते पिवळे रेशनकार्ड चालणार नाही." दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

6. कागदपत्रांची यादी पत्रात आहेच. तीच उतरवली तर काय बिघडते?

पत्रातली यादी कागदाचे नाव सांगते. बाईला तो कुठून आणायचा हे हवे असते. "सक्षम प्राधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला" याऐवजी "तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करावा" असे लिहा. पदांची नवी नावे लिहिताना जुनेही जोडा. 2024 पासून ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून ग्रामसेवक आणि तलाठीच चालते.

उत्पन्नाच्या दाखल्यावर जास्त लक्ष द्या, कारण वेळ तिथेच जातो. लोकसेवा हक्क कायद्यानुसार या दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे. 25 ऑगस्टला अर्ज द्यायचा असेल आणि पत्र 4 ऑगस्टला गावात आले असेल, तर सूचनेत स्पष्ट ओळ हवी: "दाखला नसेल तर शुक्रवार, 8 ऑगस्टच्या आत सेवा केंद्रात अर्ज टाका." दुसरे म्हणजे दाखल्यावर वैधतेची तारीख छापलेली असते, साधारणपणे 31 मार्च. गेल्या वर्षीचा दाखला घरात आहे म्हणून बाई निर्धास्त असते आणि तो छाननीत बाद होतो. म्हणून "दाखल्यावर छापलेली वैधतेची तारीख पाहा, ती उलटली असेल तर नवा काढा" हे लिहाच.

आता 8-अ. हा मराठवाड्यात तरी दरवर्षीचा घोटाळा आहे. गिरणीसाठी कार्यालयाला पाहायचे असते घर, म्हणजे गिरणी बसवायला जागा आहे का. त्यासाठी लागतो ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8, घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. पत्र लिहिणाऱ्याने घाईत "8-अ" लिहिले की लोक तलाठ्याकडे जातात आणि शेतजमिनीच्या खात्याचा 8-अ घेऊन येतात. आकडा जवळजवळ सारखा, कागद दुसऱ्याच खात्याचा. आणि ज्या बाईला शेतच नाही ती 8-अ मिळत नाही म्हणून अर्जच करत नाही, जिच्यासाठी खरे तर ही योजना आहे. म्हणून कार्यालयाकडून खात्री करून आकड्याऐवजी काम लिहा: "राहत्या घराचा ग्रामपंचायतीचा उतारा (नमुना नंबर 8). शेतीचा 8-अ नको."

घर आणि विजेचे बिल सासऱ्यांच्या नावावर असणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी संमतिपत्र चालते का आणि कोऱ्या कागदावर चालते का, हे विचारून घ्या आणि उत्तर सूचनेतच टाका. नाहीतर हाच प्रश्न तुम्हाला चाळीस जणी विचारतील.

7. "साक्षांकित प्रती" आणि "प्रतिज्ञापत्र" लिहिले आहे. बाँड करायला सांगायचे का?

पत्रात स्टॅम्प पेपर स्पष्ट लिहिला नसेल तर सांगू नका. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने, कायद्याने आवश्यक नसेल तिथे स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेल्या झेरॉक्स स्वीकारायला सांगितले आहे. सूचनेत "प्रत्येक झेरॉक्सवर स्वतः सही करा" एवढे पुरते. अंगठा करणाऱ्या बायका असतील तर "सही किंवा अंगठा" लिहा. यापूर्वी लाभ घेतला नसल्याचे स्वयंघोषणापत्र लागत असेल तर त्याचा मजकूर सूचनेच्या मागच्या बाजूला छापा. नमुना समोर नसला की लोक तहसीलसमोरच्या टायपिस्टकडे जातात आणि तो बाँडच करून देतो.

8. "आधार संलग्न बँक खाते" लिहिले की लोक म्हणतात, बँकेत आधार दिलेले आहे. मग अडते कुठे?

बँकेत केवायसीसाठी आधार देणे आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधार त्या खात्याला जोडलेले असणे या दोन गोष्टी आहेत. एका आधारावर सरकारी रक्कम एकाच खात्यात जाते. बाईची तीन खाती असली तर तिने पासबुक जोडलेले खाते आणि पैसे जाणारे खाते वेगळे निघू शकते. तपासायला myAadhaar च्या संकेतस्थळावर "Bank Seeding Status" उघडायचे. तिथे जोडलेल्या बँकेचे नाव दिसते. सूचनेत लिहा: "त्याच बँकेच्या पासबुकची झेरॉक्स जोडा."

याला लागूनच एक गोष्ट पत्रात "डीबीटीद्वारे" या एका शब्दात उरकलेली असते, ती पूर्ण उघडून सांगा. डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयानंतर अशा योजनांत वस्तू वाटण्याऐवजी रक्कम खात्यात देण्याची पद्धत आली. तुमच्या योजनेत तसे असेल तर बाईला आधी स्वतःच्या पैशाने गिरणी घ्यावी लागते, बिल द्यावे लागते आणि मग पैसे येतात. निवड झाली म्हणजे ग्रामपंचायतीसमोर टेम्पोतून गिरणी उतरेल असे तिला वाटत असते. "गिरणी आधी तुम्ही विकत घ्यायची. निवडीचे पत्र मिळण्याआधी घेऊ नका" ही दोन वाक्ये सूचनेत ठळक असू द्या.

9. एवढे सगळे करून सूचना दिसते कशी?

वरच्या पत्राची सूचना अशी होईल. कार्यालयाकडून शंका विचारून झाल्या आहेत असे धरले आहे.

> पिठाच्या गिरणीसाठी अर्ज : फक्त महिलांसाठी
>
> कोणाला मिळेल? खालील चारही गोष्टी लागू असतील तर अर्ज करा.
> तुम्ही आपल्या गावच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहता.
> तुमचे वय 18 ते 45 वर्षे आहे.
> घराचे वर्षाचे उत्पन्न 1,20,000 रुपये किंवा कमी आहे, किंवा तुमचे नाव बीपीएल यादीत आहे. दोन्हींपैकी एक पुरे.
> तुम्ही याआधी जिल्हा परिषदेकडून पिठाची गिरणी घेतलेली नाही.
>
> काय जोडायचे? (झेरॉक्स, प्रत्येकीवर सही किंवा अंगठा)
> आधार कार्ड, त्यावर पूर्ण जन्मतारीख असावी.
> तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, किंवा बीपीएल क्रमांकाचा ग्रामपंचायतीचा दाखला.
> राहत्या घराचा ग्रामपंचायतीचा उतारा (नमुना नंबर 8). शेतीचा 8-अ नको.
> घराचे विजेचे बिल. बिल सासरे किंवा पतीच्या नावावर असेल तर त्यांचे संमतिपत्र, साध्या कागदावर.
> आधार जोडलेल्या खात्याच्या पासबुकचे पहिले पान.
> लाभ न घेतल्याचे स्वयंघोषणापत्र, नमुना मागे छापला आहे.
>
> कधीपर्यंत? सोमवार, 25 ऑगस्ट 2025, सायंकाळी 5 वाजेपर्यंत, ग्रामपंचायत कार्यालयात. अर्ज दिल्याची पोच मागून घ्या.
> उत्पन्नाचा दाखला नसेल तर शुक्रवार, 8 ऑगस्टच्या आत सेवा केंद्रात अर्ज टाका.
>
> गिरणी आधी तुम्ही विकत घ्यायची, नंतर पैसे खात्यात येतील. निवडीचे पत्र मिळण्याआधी गिरणी घेऊ नका.

आधारवर काहींच्या फक्त जन्मवर्ष असते, म्हणून तिथे जन्मतारखेचे लिहिले आहे. वयाचा दुसरा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला चालत असेल तर तोही लिहा.

10. योजना मागासवर्गीय महिलांसाठी असेल तर जातीच्या दाखल्याचे काय? लग्न झालेल्यांचे नाव जुळत नाही.

जातीचा दाखला वडिलांकडून येतो, त्यामुळे त्यावर माहेरचे नाव असते आणि आधारवर सासरचे. छाननी करणाऱ्याला ही दोन बायका वाटतात. सूचनेत लिहा: "जातीचा दाखला माहेरच्या नावाचा चालेल, सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचे राजपत्र जोडा." यापैकी नेमके काय चालते ते कार्यालयच सांगेल. दुसरा गोंधळ जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांचा. पत्रात वैधता मागितली नसेल तर "जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागत नाही" असे लिहून टाका.

जुन्या दाखल्यांवर जिल्हा औरंगाबाद किंवा उस्मानाबाद छापलेले असते. जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून दाखला रद्द होत नाही. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या सूचनांत हे एका ओळीत सांगितले की सेवा केंद्रावरची विनाकारण गर्दी कमी होते.

11. आमच्या गावातले निम्मे लोक ऊसतोडीला जातात. त्यांच्यासाठी सूचनेत काय बदलावे?

दसरा-दिवाळीनंतर गेलेल्या टोळ्या उन्हाळ्यातच परततात, आणि नोव्हेंबर ते मार्चमधली मुदत त्यांना फलकावरून कधीच कळत नाही. मुदत तुमच्या हातात नसते, पण दोन गोष्टी सूचनेत टाकता येतात. एक, अर्ज घरातल्या दुसऱ्या माणसाने दिला तर चालेल का, हे विचारून त्याचे उत्तर. दुसरे, कोणते कागद गावात नसताना निघतात आणि कोणत्यासाठी यावेच लागते. जाण्याआधी उत्पन्नाचा दाखला काढून ठेवायला सांगणार असाल तर 31 मार्चची वैधता लक्षात ठेवा (प्रश्न 6). आणि सूचना मुकादमाच्या फोनवर पाठवा. टोळीपर्यंत तीच वाट खात्रीची आहे.

12. मूळ पत्रातच अट अस्पष्ट आहे. अर्थ आम्ही लावायचा का?

नाही. "45 पर्यंत" म्हणजे 45 पूर्ण झालेली चालते का, वय कोणत्या तारखेला मोजायचे, "यापूर्वी" म्हणजे कधीच नाही की ठरावीक वर्षांत, "कुटुंब" म्हणजे कोण, हे चार प्रश्न जवळपास प्रत्येक पत्रात उरतात. ते एका कागदावर लिहून पंचायत समितीला एकदाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. संबंधित टेबलाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेशही हाताशी असलेला बरा. उत्तर येईपर्यंत मूळ शब्द जसेच्या तसे ठेवा आणि पुढे लिहा: "याबाबत पंचायत समितीकडे विचारणा केली आहे. शंका असेल तरी अर्ज द्या." अंदाजाने अट कडक लिहिली तर पात्र बाई घरीच राहते, आणि सैल लिहिली तर अपात्र बाई खर्चात पडते. पहिली चूक जास्त वाईट, कारण तिची कुठे नोंदच होत नाही.

13. ही सूचना कोणाच्या सहीने लावायची? गावातल्या मुलाने लिहिली तर चालते का?

ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायची तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची सही आणि शिक्का हवा. गटाने किंवा कोणी तरुणाने ग्रुपवर टाकायची असेल तर वर "ही सोपी माहिती आहे, अधिकृत पत्र सोबत जोडले आहे" असे लिहून मूळ पत्राचा स्पष्ट फोटो लावा. दोन्हींत फरक निघाला तर मूळ पत्रच खरे.

14. मुदतवाढ झाली तर?

जुनी सूचना काढून नवी लावा. जुन्या कागदावर पेनाने तारीख खोडून लिहिलेली सूचना कोणी खरी मानत नाही, आणि तिचा आधीच काढलेला फोटो तर फिरतच राहतो. नव्या सूचनेला वर "सुधारित" आणि लावल्याची तारीख द्या, शुद्धीपत्रकाचा क्रमांक तळाला. वाढलेली मुदतही कोणाची आहे ते पुन्हा तपासा (प्रश्न 2); पंचायत समितीला मिळालेले 15 दिवस म्हणजे गावाला मिळालेले 15 दिवस नव्हेत.

15. छापताना आणि ग्रुपवर टाकताना काय सांभाळावे?

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीतला मजकूर दुसऱ्या फोनवर चिकटवला की अक्षरांची खिचडी होते, आणि मग पुन्हा फोटोच पाठवावा लागतो. फलकासाठी एकच ए-4 पान, अक्षर 16 च्या खाली नको, तारखेची ओळ त्याहून मोठी. ग्रुपवर मजकूर म्हणून पाठवा, फोटो सोबत. मजकूर असला की वाचता न येणाऱ्या बाईला घरातले कोणी फोनवरूनच वाचून दाखवते. लावण्याआधी योजनेशी संबंध नसलेल्या एखाद्या बाईला वाचायला द्या आणि तीनच गोष्टी विचारा: तुम्ही बसता का, तलाठ्याकडे जावे लागेल का, शेवटचा वार कोणता? तलाठ्याकडे जाते म्हणाली तर 8-अ ची ओळ अजून नीट झालेली नाही.